नानांची दुसरी पाळी

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरी मी पहिल्यांदा जाते, तेव्हा घरची मंडळी औषधांची फाईल पुढे ठेवतात, एमआरआयचा रिपोर्ट दाखवतात आणि चहा संपत आला की खरा प्रश्न विचारतात. "दिवसभर काहीतरीच बोलतात हो. आम्ही काय उत्तर द्यायचं?"

मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या मेमरी क्लिनिकमध्ये मी समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम केलं. निदान डॉक्टर करत, गोळ्या तेच लिहून देत. या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्या वाट्याला येई. फाईलमध्ये ते कुठेच लिहिलेलं नसतं आणि दोन शब्दांत सांगताही येत नाही, म्हणून इथे एकाच घराची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

डोंबिवलीत मुलाकडे राहणारे एक गृहस्थ. घरात सगळे त्यांना नाना म्हणत, मीही तेच म्हणू लागले. मूळचे कराडकडचे. ऐन तारुण्यात मुंबईला आले, गिरणगावात गाळ्यावर राहिले आणि लोअर परळच्या एका गिरणीत साचाखात्यात लागले. साचा म्हणजे माग, नाना साचेवाले. संपात नोकरी गेली. त्यानंतर वॉचमनकी, कुरियर, मिळेल ते काम केलं. पण आजाराने ती मधली सगळी वर्षं पुसून टाकली होती. उरली होती ती गिरणी.

रोज दुपारी अडीचच्या सुमारास नाना उठत, शर्ट चढवत, सुनेकडे डबा मागत आणि दाराशी जाऊन उभे राहत. दुसरी पाळी साडेतीनची. दाराला वरच्या बाजूला नवीन कडी बसवली होती, ती त्यांना सापडत नसे. मग दार हलवणं, थापा मारणं, ओरडणं सुरू होई. "दार उघड. पाळी चुकंल माझी." साडेचार-पाचपर्यंत हे चाले. एकदा त्यांनी सुनेचा हात पिरगाळला, आणि त्यानंतर ती मंडळी क्लिनिकमध्ये आली.

सून सांगे, "आज सुट्टी आहे, नाना." मुलगा घरी असला तर तो खरं काय ते सांगे. "नाना, मिल बंद पडली. ब्याऐंशीला संप झाला ना? तिथे आता मॉल आहे. तुम्ही ऐंशीच्या पुढे गेलात." त्याचं म्हणणं असं की, नानांना भ्रमात ठेवणं बरं नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं तर कधीतरी डोक्यात राहील. आपल्या वडिलांना फसवायचं नाही, एवढा साधा मानीपणाही त्यात होता. मला तो मुलगा आवडला.

शिवाय त्याच्या म्हणण्याला इतिहासही आहे. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कलूसा इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९६०च्या दशकात अशीच एक पद्धत बांधली गेली. भिंतीवर फळा लावायचा, त्यावर आजचा वार, तारीख, ठिकाण, पुढचं जेवण कोणतं हे लिहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने रुग्णाला तेच सांगत राहायचं. सौम्य अवस्थेत फळा, मोठे आकडे असलेलं घड्याळ, कॅलेंडर यांचा उपयोग होतो. मीही अनेक घरांत ते लावायला सांगितलंय. पण माणूस स्वतःहून विचारतो तेव्हाच ते उपयोगी पडतं. दाराशी घाईने उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडासमोर तारीख धरली, तर तो भडकतो.

मुलाला मी आधी एवढंच समजावलं की, सांगितलेलं नानांच्या डोक्यात राहणार नाही. अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग लवकर खराब होतो, तोच नव्या गोष्टी साठवण्याचं काम करतो. मॉलची गोष्ट दहा मिनिटांत जाते. साचाखातं मात्र पन्नास वर्षांपूर्वी पक्कं बसलेलं असतं, ते बरंच उशिरा जातं. म्हणजे मुलगा ज्याला आठवण करून देणं म्हणत होता, ती नानांच्या दृष्टीने दरवेळी ताजी बातमी होती. आणि बातमी कसली, तर मिल बंद झाली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते आणि त्यांतल्या कित्येकांची नोकरी कधीच परत आली नाही. नानांची नोकरी रोज दुपारी तीन वाजता नव्याने जात होती.

"पण मग विसरतात ना लगेच?" मुलगा म्हणाला. हा प्रश्न सगळेच विचारतात. बातमी विसरली जाते, पण तिने झालेलं दुःख विसरलं जात नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या काही रुग्णांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने विचारलं, तर त्यांना काय पाहिलं हे धड सांगता येईना. मन मात्र उदास होतं ते उदासच राहिलं, आनंदी होतं ते आनंदीच. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. माणसं थोडी होती, त्यामुळे त्याला फार ताणू नये. पण घराघरांत मी जे पाहत होते ते याहून वेगळं नव्हतं. तीन वाजता मुलाने समजावलेलं नाना सव्वातीनला विसरलेले असत, आणि पाचपर्यंत कशाने ते कळत नसूनही चिडलेले असत.

तर मग बोलायचं काय? नाओमी फाईल नावाच्या बाईंनी या कामात बराच पाया घातला. जन्म जर्मनीतला, वाढल्या अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका वृद्धाश्रमात, कारण आईवडील तिथेच कामाला होते. पुढे स्वतः समाजसेविका झाल्या आणि १९६३ पासून पुढची सतरा-अठरा वर्षं अतिवृद्ध, गोंधळलेल्या माणसांशी बोलत त्यांनी आपली पद्धत घडवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या माणसांच्या विधानाशी भांडू नका, त्याला होकारही भरू नका. त्या विधानामागे जी भावना आहे ती ओळखा आणि ती खरी आहे असं धरून बोला. त्यांच्या सिद्धांताच्या काही भागांवर माझा विश्वास नाही. म्हातारपणी माणूस आयुष्यातले अपुरे हिशेब मिटवायला मागे जातो असं त्या मानत. मला त्यात मेंदूच्या आजारापेक्षा कवितेचा भाग जास्त वाटतो. आणि २००३ साली कॉक्रेन संस्थेने या पद्धतीच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा हाती नाही, असाच निर्वाळा दिला. आजार यामुळे थांबतो असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पण बोलण्याच्या ज्या युक्त्या फाईलबाईंनी दिल्या, त्या हाताशी ठेवाव्यात अशा आहेत. त्यातल्या दोन-तीन मी नानांच्या दाराशी वापरल्या.

मी गेले ते मुद्दाम अडीचला. नाना दाराशी होते. मी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिले नाही. तिथे उभं राहिलं की आपण आपोआप पहारेकरी होतो. मी त्यांच्या बाजूला, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल अशी उभी राहिले. साचाखात्यात आवाज इतका असे की कामगार एकमेकांशी खुणांनी आणि ओठांवरून बोलत, आणि त्या आवाजात पाचदहा वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. नानांना बरंचसं ऐकूच येत नव्हतं. सून पाठीमागून, स्वयंपाकघरातून बोलायची आणि ते उत्तर देत नाहीत म्हणून आवाज चढवायची. चढलेला आवाज त्यांना भांडणाचा वाटे. विसरण्याचा म्हणून धरलेला निम्मा गोंधळ पुष्कळदा कानांचा किंवा मोतीबिंदूचा असतो.

"नाना, दुसरी पाळी?" मी विचारलं.

"मग! साडेतीनला गेट बंद."

"साचे किती बघता?"

"दोन." मग जरा थांबून, "आता चार द्यायचं म्हनत्यात. मानूस काय यंत्र हाय?"

"खात्यात आवाज फार?"

यावर ते हसले आणि दोन्ही हातांनी काहीतरी खूण केली. ती मला कळली नाही, तर मी तीच खूण त्यांना परत केली. त्यांना फार मजा वाटली.

इथे एक लक्षात घ्यावं. मी 'कुठे', 'किती', 'कसं' असे प्रश्न विचारत होते. 'का' हा शब्द मी टाळते, आणि हे फाईलबाईंचंच शिकवणं. "का जायचंय तुम्हाला?" याचं उत्तर द्यायला कारणं जुळवावी लागतात आणि नेमकी तीच ताकद गेलेली असते. मग माणूस कोंडीत सापडतो, आणि कोंडीत सापडलेला माणूस चिडतो. 'किती साचे' याचं उत्तर मात्र नानांच्या बोटांवर होतं.

दुसरी युक्ती म्हणजे टोकाचा प्रश्न. मी विचारलं, "उशीर झाला तर सगळ्यात वाईट काय होतं, नाना?"

"बदलीवाला उभाच असतोय गेटवर. जॉबर त्याला आत घेतो."

"आणि मग?"

"मग काय. खाडा पडला. गावाला काय पाठवू?"

एवढ्या दिवसांत घरातल्या कुणालाही हे ऐकायला मिळालं नव्हतं, कारण संभाषण इथवर कधी पोचलंच नव्हतं. ते दर वेळी 'मिल आहे' आणि 'मिल नाही' यावर तुटत होतं. नानांना गिरणीत जायची हौस नव्हती. बदली कामगार आपल्या साच्यावर चढेल, रोज बुडेल आणि गावाला मनिऑर्डर जाणार नाही, ही ती घाई होती. त्या काळी गिरणीत कायम होण्याआधी वर्षानुवर्षं बदलीत काढावी लागत, आणि गेटवर उभं राहून कुणाचा तरी खाडा पडायची वाट पाहण्याचा अनुभव नानांनी स्वतः घेतलेला होता. त्यामुळे आपल्यानंतर गेटवर कोण उभं आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"गावाकडे सगळे तुमच्याच पैशावर अवलंबून," मी म्हटलं.

"तर. तीन भनी हायत लग्नाच्या."

"मोठी जबाबदारी."

"थोरली उजवली. दोघी हायत." मग पुष्कळ वेळ शांतता. मी बोलले नाही. या माणसांना एक वाक्य पोचायला आणि उत्तर जुळायला आपल्या अंदाजापेक्षा फार वेळ लागतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजावं. मध्येच दुसरा प्रश्न टाकला की पहिलाही जातो. नाना म्हणाले, "न्हाई, तिघींचीबी केली. धाकटीला दोन तोळं घातलं."

ते स्वतःच 'हायत'वरून 'केली'वर आले होते. मी काही दुरुस्त केलं नव्हतं. असं दरवेळी होत नाही, आणि व्हावं म्हणून बोलूही नये. पण भीतीला ऐकणारं कुणी मिळालं की ती थोडी सैल होते आणि मग उरलीसुरली स्मृती कधीकधी वर यायला जागा मिळते. मी म्हटलं, "तुमच्या कमाईवर एवढं मोठं घर उभं राहिलं, नाना." हे खोटं नव्हतं, खूष करायला म्हटलेलंही नव्हतं. सून मागे उभी होती, तिनेही मान डोलावली. नाना दाराजवळून हलले आणि खुर्चीत बसले. तेव्हा तिने चहा आणला आणि त्यांनी तो घेतला.

चहा ती रोजच आणत होती. "आधी चहा तरी घ्या" असं म्हणून दाराशी आणत होती आणि नाना कप झिडकारत होते. पाळीची वेळ झालेल्या माणसाला चहा प्यायला वेळ असतो का? लक्ष दुसरीकडे वळवा, असा सल्ला सगळीकडे देतात. तो चुकीचा नाही, पण क्रम चुकतो. आधी ऐकून घ्यायचं, मग विषय बदलायचा. ऐकून न घेता बदललेला विषय म्हणजे आपलं बोलणं उडवून लावल्यासारखं असतं, आणि ते स्मृतिभ्रंश झालेल्या माणसालाही उत्तम कळतं.

आता सुट्टीची गोष्ट. सुनेची 'आज सुट्टी आहे' ही थाप पहिले काही दिवस चालली होती. मग नाना विचारू लागले, "कसली सुट्टी? पगारी हाय का?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी मुलगा सांगे मिल बंद पडली आणि सोमवारी सून सांगे सुट्टी. नानांना शब्द आठवत नसले तरी ही माणसं आपल्यापासून काही लपवतात, एवढं त्यांच्या मनात साचत गेलं. त्यातूनच हात पिरगाळण्यापर्यंत मजल गेली असावी. थापेचा त्रास असा असतो. ती घरातल्या सगळ्यांनी एकसारखी सांभाळावी लागते, आणि एकीतून दुसरी निघते. मी काही हरिश्चंद्र नाही. आग लागलेली असताना, किंवा माणूस रस्त्यावर धावत सुटलेला असताना, "चला, टॅक्सी थांबलीय" असं मी बेधडक म्हणेन. पण रोजच्या बोलण्यात खोट्याची गरज फार क्वचित पडते. 'मिल चालू आहे' असं मी नानांना एकदाही म्हटलं नाही आणि त्यांनीही मला ते कधी विचारलं नाही. त्यांना मिलची बातमी नको होती.

पुढे आम्ही दुपारची घडी थोडी बदलली. दोन वाजता लघवीला नेऊन आणायचं, कारण तीच अस्वस्थता पुष्कळदा 'जायचंय' या शब्दाने बाहेर येते. अडीचला सुनेने स्वतःच दाराची कडी काढायची आणि नानांबरोबर खाली उतरायचं. डब्याची पिशवी त्यांच्या हातात. सोसायटीला दोन फेऱ्या मारायच्या, बाकावर बसून डब्यातलं खायचं, वर यायचं. कुठे चाललोय हे कुणी सांगायचं नाही. नाना बोलतील त्या विषयावर बोलायचं. दार उघडलं तेव्हा निम्मं भांडण दाराशीच संपलं. तिसऱ्या प्रहरी थकवा येतो, उजेड उतरतो, म्हणून या आजारात बेचैनी पुष्कळदा याच वेळी वाढते. त्यामुळे वर आल्यावर दिवे आधीच लावलेले असायचे आणि धुतलेल्या चादरी घडी घालायला समोर असायच्या. नाना चादर नुसती दुमडत नसत. अंगठा आणि तर्जनीत धरून कापडावरून बोट फिरवत आणि तुटलेली तार सापडली की सुनेला दाखवत. तिने त्यावर "अय्या, खरंच!" असं लाडात म्हणू नये, एवढं मी तिला सांगितलं होतं. "कुठल्या साच्यावर निघाली असेल?" असं विचारावं. ती विचारायला लागली.

लाडात बोलणं हा एक वेगळाच रोग आहे. ब्युरोकडून येणाऱ्या मावशा मनाने फार चांगल्या असतात, पण ऐंशी वर्षांच्या माणसाला "कोण शहाणं बाळ आहे?" असं विचारतात. दुसरा रोग सुशिक्षित घरांत दिसतो. कुठेतरी वाचलेलं वाक्य पाठ करून दर वेळी तेच म्हणायचं, "तुम्हाला वाईट वाटतंय, हो ना?" एका निवृत्त मुख्याध्यापिकेने आपल्या मुलाला यावर फटकन उत्तर दिलं होतं, "वाईट वाटतंय हे मला माहीत आहे, तू काय करणार ते सांग." भावना ओळखायची म्हणजे तिचं नाव घेऊन दाखवायचं असं नव्हे. आपला आवाज, उभं राहणं, घाई नसणं, यांतून ती ओळखली गेल्याचं कळतं.

नानांचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पावसात खाली जाता येत नसे, तेव्हा दार पुन्हा हलायचं. मुलाला रविवारी अजूनही राहवत नसे आणि तो संपाचं बोलून जायचा. मग एका आठवड्यात सुनेचा फोन आला, की आता काहीच चालत नाही. नाना सकाळपासूनच बडबडतात, मध्येच गुंगतात, हवेतलं काही पकडतात, रात्रभर जागे असतात. दोन दिवसांपूर्वी असं नव्हतं. हे ऐकल्यावर मी बोलण्याबद्दल एक शब्दही सांगितला नाही, आजच्या आज डॉक्टरांना दाखवा म्हटलं. लघवीचा संसर्ग निघाला. स्मृतिभ्रंश महिन्यांच्या, वर्षांच्या हिशेबाने उतरत जातो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस एकदम बदलला, भान कमी-जास्त होऊ लागलं, तर ते वेगळं दुखणं असतं. ताप, लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी होणं, घट्ट झालेला मलावरोध, नवी चालू झालेली गोळी, पडून डोक्याला लागलेला मार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. तिथे समजुतीने बोलत बसणं म्हणजे उपचाराला उशीर करणं. औषधानंतर काही दिवसांनी नाना पुन्हा अडीचच्या पाळीवर आले, आणि सुनेने ते फोनवर मला हसत सांगितलं.

आणखी एक बाब, जिच्यावर मी स्वतः सर्वांत जास्त विचार केला आहे. गोंधळलेलं बोलणं दुरुस्त करू नये हे खरं, पण सरळ विचारलेल्या प्रश्नाला बगल देणंही बरं नाही. गिरगावातल्या एक आजी रोज संध्याकाळी लेकीला विचारत, "हे आले का गं?" यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक पूर्वी "अगं, बाबा गेले ना" म्हणायची आणि आजी नव्याने ऊर बडवून घ्यायच्या. आम्ही ते थांबवलं. लेक म्हणू लागली, "बाबांची आठवण येतेय? ते आले की आधी काय मागायचे?" मग पितळी तांब्यातलं पाणी, पायरीवर काढलेल्या वहाणा, पानाचा डबा असं सगळं निघायचं आणि संध्याकाळ सरायची. पण एके दिवशी आजींनी लेकीचं मनगट धरलं आणि तिच्याकडे नीट बघत विचारलं, "खरं सांग. हे गेले का?" लेकीने मला फोन केला तेव्हा ती रडत होती, कारण तिने "हो, आई" असं सांगितलं होतं आणि आपण नियम मोडला असं तिला वाटत होतं. नियम मोडला नव्हता. "हे आले का" या प्रश्नात वाट पाहणं होतं. "गेले का" हे विचारताना आजींना उत्तर माहीत होतं, त्यांना सोबत हवी होती. अशा वेळी टाळाटाळ केली, तर माणूस आपल्या दुःखात एकटा पडतो. थोडक्यात, हळू आवाजात खरं सांगावं, कसे गेले, कधी गेले याचे तपशील मागितल्याशिवाय देऊ नयेत आणि उठून न जाता जवळ बसावं. लेक बसली होती.

आजाराच्या सुरुवातीला "मला काय झालंय?" असं विचारणाऱ्याच्या बाबतीतही मी हेच म्हणते. त्याला त्याचं निदान कळण्याचा हक्क आहे. बँकेची कामं, इच्छापत्र, कुणी काळजी घ्यावी हे ठरवायला त्याच्यापाशी थोडाच काळ असतो. आपल्याकडे पुष्कळ घरं या टप्प्यावर "काही नाही, वय झालंय" म्हणून वेळ घालवतात, आणि पुढे दुरुस्तीची खरोखर गरज नसते तेव्हा दिवसभर दुरुस्त्या करत बसतात.

नानांकडे पुढे दिवसपाळीला मावशी ठेवली. ती पहिल्या दिवशी आली, तेव्हा सुनेने तिच्या हातात गोळ्यांच्या वेळांबरोबर वहीचं आणखी एक पान दिलं. त्यावर लिहिलं होतं: साचाखातं, दोन साचे, दुसरी पाळी. तीन बहिणी, तिघींची लग्नं नानांनी केली. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, समोर येऊन बोला. घाई झाली की बदलीवाल्याची भीती असते. नाना म्हणा, आजोबा म्हणू नका.

तुमच्या घरी असा माणूस असेल आणि त्याची भाची, शेजारी, ब्युरोची बाई कुणीही तासभर त्याच्याजवळ थांबणार असेल, तर असं एक पान आजच लिहा. त्याने आयुष्यभर काय काम केलं, कुणाची काळजी वाहिली, कशाला घाबरायचा, त्याला काय म्हणून हाक मारतात, एवढं लिहिलं तरी पुरे. ज्या गोष्टी तुम्हालाच ठाऊक नसतील, त्या त्याच्या भावंडांना आत्ता फोन करून विचारून घ्या. तीही माणसं म्हातारी झाली आहेत.